विश्लेषण : सर्व्हर थोडक्यात वाचला, संचालक मंडळापुढे नेमके काय मांडायचे?

इंटरनेटवर उघडा राहिलेला सर्व्हर हल्ल्यातून निसटला की बहुतेक कार्यालयांत सुटकेचा नि:श्वास टाकला जातो आणि विषय संपतो. वास्तविक सर्व्हर नियमित ‘पॅच’ करण्यासाठी पैसा आणि वेळ मागण्याची खरी संधी हीच असते. ती पाच मिनिटांच्या भाषणात कशी मांडावी? न्हावा शेवा बंदरातील २०१७च्या प्रकरणातून त्याबाबत काय शिकता येते?

‘काही झाले नाही’ याचा अर्थ काय?

एक काल्पनिक, पण नेहमी घडणारी परिस्थिती पाहू. वऱ्हाडातील एका सहकारी बँकेत सॉफ्टवेअर पुरवठादाराला दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून एका सर्व्हरचा रस्ता दोन दिवसांसाठी इंटरनेटवर उघडला गेला. काम झाले, पण रस्ता बंद करायचा राहिला. तीन महिन्यांनी कुणीतरी सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडून पाहिली. चुकीचा पासवर्ड टाकल्याच्या नोंदींची (विंडोजमध्ये त्यांचा क्रमांक ४६२५) रांगच लागलेली होती. बाहेरच्या अनोळखी पत्त्यांवरून अहोरात्र कुणीतरी कुलूप चाचपून पाहत होते. शिवाय त्या सर्व्हरवर पाच महिने एकही पॅच बसवलेला नव्हता.

यावर व्यवस्थापनाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘पण कुणी आत शिरले का? नाही ना? म्हणजे आपली यंत्रणा भक्कम आहे.’ भाषणात सर्वप्रथम हाच निष्कर्ष खोडावा लागतो. यशस्वी प्रवेशाची (क्रमांक ४६२४) बाहेरच्या पत्त्यावरून एकही नोंद नाही, नवे खाते उघडल्याची (क्रमांक ४७२०) नोंद नाही, अँटिव्हायरस बंद पाडलेला नाही, या गोष्टी तपासून सांगता येतात. मात्र लॉगला दिलेली जागा भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. तीन महिन्यांपैकी शेवटच्या अकरा दिवसांच्याच नोंदी हाती असतील तर ‘कुणी आले नाही’ असे म्हणता येत नाही. ‘गेल्या अकरा दिवसांत कुणी आल्याचा पुरावा सापडला नाही’ एवढेच म्हणता येते. या दोन वाक्यांतला फरक संचालकांना समजला की निम्मे काम होते. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपून ठेवण्यास आणि घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्यास सांगितले आहे, हेही येथेच नोंदवता येते.

इशारा मिळूनही काय होते?

संगणकांच्या इतिहासात जगाला एकाच वेळी मिळालेला ‘थोडक्यात बचावलो’ असा इशारा म्हणजे १२ मे २०१७ रोजी पसरलेला ‘वॉनाक्राय’. विंडोजमध्ये फाइल वाटून घेण्याच्या सुविधेत, म्हणजे पोर्ट क्रमांक ४४५ वर चालणाऱ्या सेवेत, एक गंभीर त्रुटी होती. मायक्रोसॉफ्टने तिचा पॅच (MS17-010) १४ मार्च २०१७ रोजीच दिला होता. पुढे १४ एप्रिलला ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने त्या त्रुटीतून आत शिरण्याचे ‘इटर्नलब्लू’ हे आयते हत्यार जाहीर करून टाकले. त्यानंतर चारच आठवड्यांनी वॉनाक्राय आला. ज्यांनी पॅच बसवला नव्हता आणि ज्यांचे पोर्ट ४४५ इंटरनेटवर उघडे होते, अशी यंत्रे त्याला कुणी काही क्लिक न करताच सापडत गेली. ब्रिटनमधील रुग्णालयांपासून आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांपर्यंत दीडशेवर देशांना त्याचा फटका बसला.

तो आटोक्यात आला तो मात्र नशिबाने. पसरण्याआधी हा विषाणू एका विचित्र नावाचे संकेतस्थळ अस्तित्वात आहे का, हे तपासत असे. एका तरुण ब्रिटिश संशोधकाने ते नाव नोंदवले आणि ते संकेतस्थळ सापडू लागताच विषाणू थांबू लागला. जगभरातील ज्या कंपन्यांना त्या आठवड्यात काही झाले नाही, त्यांपैकी अनेकांनी ‘आपण वाचलो’ असे म्हणून फाइल बंद केली. पुढचा तडाखा बसायला सहा आठवडेच उरले होते.

न्हावा शेवात काय घडले?

युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावत फाइलमध्ये दडवलेला ‘नॉटपेट्या’ २७ जून २०१७ रोजी सुटला. आत शिरल्यावर पसरण्यासाठी त्याने तीच जुनी त्रुटी वापरली. मार्चमध्येच जिचा पॅच आला होता, ती. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील जाळे काही तासांत बंद पडले. याच समूहातील कंपनीकडे जवाहरलाल नेहरू बंदरातील ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे टर्मिनल आहे. तेथील संगणकप्रणाली बंद पडली आणि कंटेनर चढवण्या-उतरवण्याचे काम हाताने करायची वेळ आली. कोणता कंटेनर यार्डात कुठे आहे आणि कोणत्या जहाजावर जायचा आहे, हे सांगणारी यंत्रणाच गेली तर क्रेन शाबूत असून उपयोग नसतो. बंदराबाहेर मालमोटारी खोळंबल्या. शेजारची, वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रणेवर चालणारी टर्मिनले मात्र सुरू होती.

मर्स्कचे तत्कालीन अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितलेल्या माहितीनुसार, दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभारावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

याच प्रकरणातील आणखी एक बाब भाषण लिहिणाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनी ‘वायर्ड’ मासिकात २०१८ मध्ये लिहिलेल्या वृत्तांतानुसार, मर्स्कच्या काही अधिकाऱ्यांनी जाळ्याची सुरक्षा नव्याने बांधण्याचा प्रस्ताव हल्ल्याच्या आधीच मांडला होता. तो मंजूर झाला, त्यासाठी पैसेही ठेवले गेले. पण ते काम वरिष्ठ आयटी अधिकाऱ्यांच्या कामगिरीच्या निकषांत कधी धरले गेले नाही आणि म्हणून ते पुढे सरकलेच नाही. तरतूद झाली की काम झाले, असे होत नाही. भाषणात पैशांबरोबर जबाबदार व्यक्तीचे नाव आणि मोजमापही मागायचे, ते याच कारणासाठी.

पॅच फुकट मिळतो, मग पैसे कशाला?

हा प्रश्न बैठकीत हमखास येतो आणि तो रास्त आहे. पॅचला खरोखरच पैसे पडत नाहीत. पैसे लागतात ते त्याच्या आजूबाजूच्या चार गोष्टींना.

पहिली म्हणजे चाचणीचे यंत्र. पॅच थेट चालू सर्व्हरवर बसवला आणि त्यावरचे हिशेबाचे सॉफ्टवेअर अडले, तर हल्लेखोराने केले असते तेच नुकसान आपल्याच हाताने होते. म्हणून मूळ सर्व्हरची प्रतिकृती असलेले एक यंत्र लागते. दुसरी गोष्ट म्हणजे परतीची वाट : पॅच बसवण्याआधी घेतलेली आणि परत उतरवून तपासलेली प्रत. तिसरी म्हणजे माणसांचा वेळ, आणि तोही सुटीच्या दिवशीचा. चौथी, सर्वात खर्चिक गोष्ट म्हणजे ज्यांचे पॅचच येणे थांबले आहे अशी जुनी यंत्रे बदलणे. विंडोज सर्व्हर २०१२ आर-२ या आवृत्तीसाठीचा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. जादा पैसे भरून मुदतवाढ न घेतलेल्या यंत्राला त्यानंतर पॅच मिळत नाही. अशा यंत्राला ‘नियमित पॅच’ करण्याचे आश्वासन देणे म्हणजे बुजलेल्या विहिरीला मोटर बसवण्यासारखे आहे.

पाचवी बाब पैशांची नाही, वेळेची आहे : सर्व्हर बंद ठेवण्याची परवानगी. बँकांच्या बाबतीत पंचांग मदतीला येते. मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. बँकांना चौथ्या शनिवारी सुटी असते. महिना कोणताही असो, दुसऱ्या मंगळवारनंतर चौथा शनिवार अकरा किंवा अठरा दिवसांनी येतो. मधले दिवस चाचणीला पुरतात. दुसरा शनिवार मात्र उपयोगाचा नाही, कारण काही महिन्यांत तो दुसऱ्या मंगळवारच्या आधीच येऊन जातो. आतल्या सर्व्हरसाठी चौथा शनिवार ठीक आहे. इंटरनेटला लागून असलेल्या सर्व्हरसाठी अठरा दिवस फार होतात. त्यांना त्याच आठवड्यातला रविवार हवा. आणि त्रुटीचा वापर प्रत्यक्ष सुरू झाल्याचे जाहीर झाले असेल तर रविवारचीही वाट पाहता येत नाही. त्या वेळी बँक सुरू असताना सर्व्हर बंद करण्याचा अधिकार कुणाला, हे आधीच लिहून ठेवावे लागते.

भाषण प्रत्यक्षात कसे असावे?

वर सांगितलेल्या काल्पनिक बँकेच्या संगणक विभागप्रमुखाने संचालक मंडळापुढे करायच्या भाषणाचा हा नमुना. यातील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक संस्थेने आपले आकडे लेखा विभागाकडून आणि दरपत्रकांवरून घ्यावेत.

> अध्यक्ष महोदय आणि संचालक मंडळी, पाच मिनिटे घेतो.
>
> आपला एक सर्व्हर तीन महिने इंटरनेटवर उघडा होता. पुरवठादारासाठी उघडलेला रस्ता बंद करायचा राहून गेला. या काळात बाहेरून त्याचे कुलूप सतत चाचपले जात होते. रस्ता आता बंद केला आहे, पासवर्ड बदलले आहेत. कुणी आत शिरल्याचा पुरावा सापडलेला नाही. पण आपल्याकडे नोंदी अकराच दिवसांच्या आहेत. त्याआधीचे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.
>
> आपण कशामुळे वाचलो? पासवर्ड मोठा होता म्हणून. पॅचमुळे नव्हे, कारण त्या सर्व्हरवर पाच महिने पॅच नव्हता. पासवर्ड न विचारताच आत नेणारी त्रुटी त्या काळात निघाली असती, तर हा पासवर्ड कामाला आला नसता. २०१७ साली न्हावा शेवाचे एक टर्मिनल ज्या विषाणूने बंद पाडले, त्याने वापरलेल्या त्रुटीचा पॅच साडेतीन महिने आधी आलेला होता.
>
> आपले हे जूनमध्ये झाले असते तर? खरिपाच्या कर्जवाटपात तिवसा शाखेचा एक दिवस गेला, तरी कौंडण्यपूरच्या शेतकऱ्याची पेरणी पाऊस सोडून आपल्या सर्व्हरची वाट पाहणार. लेखा विभागाच्या हिशेबाने जूनमधील एका दिवसात आपण ६० लाखांचे कर्जवाटप करतो. सर्व सर्व्हर नव्याने उभारायला आम्हाला किमान सहा दिवस लागतील.
>
> मी तीन गोष्टी मागतो. पहिली, पैसे. जुना सर्व्हर बदलायला एकदाच ५ लाख. चाचणीचे यंत्र, प्रती आणि सुटीच्या कामाचा मोबदला मिळून दरवर्षी ४ लाख. म्हणजे पहिल्या वर्षी ९ लाख. दुसरी, वेळ. दर चौथ्या शनिवारी सकाळी आठ ते दुपारी दोन सर्व्हर बंद. मार्चअखेर आली म्हणून हा दिवस रद्द व्हायचा असेल तर तो सरव्यवस्थापकांच्या सहीने व्हावा आणि नवी तारीख त्याच कागदावर असावी. तिसरी, अधिकार. हल्ला सुरू असलेल्या त्रुटीचा पॅच आला, तर दिवसा सर्व्हर बंद करण्याची परवानगी एका अधिकाऱ्याला आजच नावानिशी द्यावी.
>
> याने सगळे हल्ले थांबतील असे मी म्हणत नाही. माहीत असलेल्या दारांची कुलपे वेळेवर लागतील, एवढीच हमी देतो. दर तीन महिन्यांनी एक पानी अहवाल या टेबलावर ठेवीन. धन्यवाद.

या भाषणात काय नाही?

त्यात विषाणूंची नावे नाहीत, तांत्रिक संज्ञा नाहीत आणि भीतीही जेमतेम आहे. अशा भाषणांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण हटकून दिले जाते. ऑगस्ट २०१८ मध्ये तेथून सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले गेले, त्यामुळे ते परिणामकारक वाटते. पण त्या प्रकरणात हल्लेखोरांनी एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेलाच वळसा घातला होता. दर महिन्याला पॅच बसवला असता तर ते टळले असते, असे म्हणायला आधार नाही. एखाद्या जाणत्या संचालकाने हे विचारले की बोलणाऱ्याची पत जाते आणि मागणीही. न्हावा शेवाचे उदाहरण कमी सनसनाटी आहे, पण मुद्द्याला ते लागू पडते.

दोष कुणाचा, हेही भाषणात नाही. रस्ता बंद करायचे विसरलेल्या कर्मचाऱ्याचे नाव बैठकीत घेतले तर पुढची चर्चा त्याच्यावर कारवाई करण्याची होते, पॅचची होत नाही. शिवाय पुढच्या वेळी असा उघडा सर्व्हर ज्याला दिसेल, तो गप्प बसेल. थोडक्यात हुकलेली दुर्घटना वर कळवली जाणे हीच संस्थेची सर्वात स्वस्त सुरक्षा असते.

नंतर काय मोजायचे?

त्रैमासिक अहवालात तीन आकडे पुरेत. पॅच आल्यापासून तो सर्व सर्व्हरवर बसेपर्यंत किती दिवस गेले. किती सर्व्हर ठरल्या मुदतीबाहेर आहेत आणि का. आणि इंटरनेटवरून आपली किती पोर्ट उघडी दिसतात. शेवटचा आकडा बँकेच्या आतून नव्हे, तर बाहेरच्या जोडणीवरून तपासावा लागतो, कारण आतून पाहिले तर कुंपण दिसत नाही. ‘९५ टक्के यंत्रे अद्ययावत’ असा एकच आकडा मात्र फसवा असतो. उरलेल्या पाच टक्क्यांत इंटरनेटवर उघडा असलेला तो एकमेव सर्व्हर असू शकतो.

पॅचची मर्यादाही नॉटपेट्यानेच दाखवून दिली होती. एकदा आत शिरल्यावर तो संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड उचलत असे आणि ते वापरून पॅच बसवलेल्या यंत्रांतही जात असे. एकाच प्रशासकीय पासवर्डवर सगळे सर्व्हर चालवणाऱ्या संस्थेला पॅच एकटा वाचवू शकत नाही. पासवर्ड वेगळे ठेवणे आणि एक प्रत जाळ्यापासून पूर्ण तोडून ठेवणे, ही कामे त्याच्या जोडीनेच करावी लागतात. मर्स्कच्या बाबतीत सगळ्या जाळ्याची नोंदवही सांभाळणाऱ्या सर्व्हरची एकच शाबूत प्रत उरली होती. ती घानामधील कार्यालयात होती आणि तीही वीज गेल्यामुळे तो सर्व्हर हल्ल्याच्या वेळी बंद पडला होता म्हणून.

नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी काढलेल्या सायबर सुरक्षा चौकटीत पॅचची स्थिती ओळखणे, तिचा माग ठेवणे आणि तिच्यावर देखरेख करणे अपेक्षित आहे. म्हणजे हा खर्च संचालकांच्या मर्जीचा विषय उरलेला नाही. तरीही तरतूद होते ती बहुधा नुकसान झाल्यावर, कारण तेव्हा मागणीला पुरावा लागत नाही. थोडक्यात बचावलेल्या संस्थेकडे पुरावा असतो आणि पैसाही अजून शाबूत असतो. काही आठवड्यांत नोंदी पुसल्या जातात आणि संचालकांची आठवणही पुसट होते. त्याआधीच्या पहिल्या बैठकीत हा विषय पटलावर आला नाही, तर पुढची बैठक नुकसानीचा आकडा वाचण्यासाठीच भरण्याची शक्यता अधिक.